ही ओळ कोणत्या दिवसांची?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात मी काम करते. पगारपत्रक, पेटी कॅश, वीजबिल यांच्या जोडीला कंपनीच्या नावावरच्या पोस्टपेड मोबाइलची बिलं तपासून पास करायचं काम माझ्याकडे आहे. सेल्सची मंडळी, सर्व्हिस इंजिनिअर, ड्रायव्हर, गोव्यातला वेर्ण्याचा डेपो, मोठे साहेब, सगळ्यांची सिमकार्डं एकाच खात्यात आहेत. त्यामुळे दर महिन्याला येणारी पीडीएफ चांगली जाडजूड असते. पहिल्या पानावर एकच आकडा ठळक छापलेला असतो, भरायची एकूण रक्कम, आणि त्याखाली भरण्याची शेवटची तारीख. पुष्कळ ठिकाणी बिल त्या पानावरच पास होतं, पुढची पानं कुणी उघडतच नाही.

मला ते जमत नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे नियम असा की प्लॅनचं भाडं आणि त्यावरचा कर कंपनी भरणार, त्याच्या वर जे जाईल ते ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या पगारातून कापायचं. म्हणजे न वाचता मी बिल पास केलं, तर कुणाच्या तरी घरखर्चातून मी न विचारता पैसे काढले असं होतं. एखाद्या ड्रायव्हरला दोन-तीनशे रुपये ही लहान रक्कम नाही. म्हणून प्रत्येक नंबरच्या प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारते: ही ओळ कोणत्या दिवसांची? हा प्रश्न विचारायला लागल्यापासून बिलं मला वाचता यायला लागली, असं म्हटलं तरी चालेल. कारण पोस्टपेड बिलातला बहुतेक गोंधळ रकमेचा नसतो, तारखांचा असतो.

आमच्या खात्याची सायकल आठ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. बिल आठला निघतं. आता त्या बिलात किती महिने असतात? लोकांना वाटतं एक. पण आमची मोबाइल कंपनी भाडं आगाऊ लावते. म्हणजे आठ जुलैच्या बिलात वापर असतो ८ जून ते ७ जुलै या दिवसांचा, आणि भाडं असतं ८ जुलै ते ७ ऑगस्ट या दिवसांचं. मागे पाहणारी ओळ आणि पुढे पाहणारी ओळ एकाच तक्त्यात एकाखाली एक बसलेल्या असतात, आणि दोघींची बेरीज होते. काही कंपन्या भाडं मागाहूनही लावतात, तिथे हा पेच कमी असतो. तेव्हा नवीन कनेक्शन घेतल्यावर पहिल्याच बिलात भाड्याच्या ओळीशेजारच्या ‘पासून-पर्यंत’ तारखा पाहाव्यात, म्हणजे आपली कंपनी कोणत्या पद्धतीची ते कळतं. पहिलं बिल नेहमीच वाढीव वाटतं ते यामुळेच. कनेक्शन सुरू झाल्यापासून पहिल्या सायकलच्या अखेरपर्यंतच्या मोडक्या दिवसांचं भाडं आणि पुढच्या पूर्ण महिन्याचं भाडं, दोन्ही त्यात येतात.

एका वर्षीच्या जुलैमधलं एक बिल इथे उलगडून दाखवते. आमच्या सेल्समधल्या एका तरुण सहकाऱ्याचं ते होतं. त्याचा जुना प्लॅन महिना ४०० रुपयांचा, ३० जीबी डेटाचा. त्याला खानदेशातला भाग वाढवून मिळाला, गाडीत बसून ऑर्डरी पाठवणं, व्हिडिओ कॉल असं काम वाढलं, म्हणून त्याच्या साहेबांनी मेल टाकून प्लॅन ६०० रुपयांचा, ७५ जीबीचा करून दिला. बदल लागू झाला २३ जूनला. आठ जुलैच्या बिलात त्याच्या नंबरासमोर आकडा आला १०८७ रुपये ८२ पैसे. ६०० रुपयांवर १८ टक्के कर धरला तर ७०८ व्हायला हवे होते. तपशील न पाहता बिल पास केलं असतं तर वरचे ३७९ रुपये ८२ पैसे त्याच्या पगारातून गेले असते.

तो माझ्या टेबलाशी आला तो फोन हातात घेऊनच. “मॅडम, प्लॅन पंच्याहत्तर जीबीचा आहे आणि मी महिनाभरात एक्केचाळीस वापरलेत. हे बघा, फोनमध्येच दिसतंय. मग जादा वापराचे पैसे कसले?” त्याच्या फोनमधला आकडा खरा होता. बिलातलाही खरा होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, तिथेच या बिलाची सगळी गंमत होती.

आधी भाडं पाहू. भाड्याच्या तक्त्यात त्याच्या नावावर तीन ओळी होत्या. पहिली, नव्या प्लॅनचं भाडं ८ जुलै ते ७ ऑगस्ट, ६०० रुपये. हे पुढच्या महिन्याचं आगाऊ. दुसरी, नव्या प्लॅनचं भाडं २३ जून ते ७ जुलै, ३०० रुपये. तिसरी, जुन्या प्लॅनचं भाडं २३ जून ते ७ जुलै, वजा २०० रुपये. ही वजा ओळ पाहिली की लोक बिचकतात, पण ती आपल्या बाजूची असते. जूनच्या बिलात जुन्या प्लॅनचे पूर्ण ४०० रुपये ७ जुलैपर्यंतचे आधीच भरलेले होते. २३ जूनपासून तो प्लॅन उरला नाही, म्हणून त्या १५ दिवसांचे २०० परत आले, आणि त्याच १५ दिवसांचे नव्या प्लॅनचे ३०० लागले. ८ जून ते ७ जुलै ही सायकल ३० दिवसांची, म्हणून बरोबर निम्मे. सायकल ३१ दिवसांची असती तर भागाकार ३१ ने झाला असता आणि आकडे पैशांत गेले असते. मोबाइल कंपनीच्या गॅलरीतले लोक या ओळींना ‘प्रो-राटा’ म्हणतात, आम्ही अकाउंट्समध्ये दिवसांच्या हिशेबाचं भाडं म्हणतो.

तिन्हींची बेरीज ७००. म्हणजे भाड्यात १०० रुपये वाढले ते रास्तच होते. जास्त किमतीचा प्लॅन पंधरा दिवस वापरला, त्याचा तो फरक. हे त्याला लगेच पटलं.

आता जादा वापर. बिलात एक ओळ होती: डेटा, मोफत मर्यादेवरचा वापर, ६१४४ एमबी, दर २ पैसे प्रति एमबी, रक्कम १२२ रुपये ८८ पैसे. ६१४४ एमबी म्हणजे बरोबर ६ जीबी, कारण बिलिंगमध्ये एक जीबी १०२४ एमबीचा धरतात. एवढा नेमका आकडा दिसला की मी थांबते. माणसाचा खरा वापर असा गोल क्वचितच येतो. या खेपेला तो योगायोगाने आला होता, पण त्यामुळे हिशेब मांडायला सोपा गेला.

प्रश्न तोच, हे ६ जीबी कोणत्या दिवसांचे? शेवटच्या पानांवरच्या तपशिलात डेटाच्या नोंदी तारीखवार असतात. मी त्या दोन भागांत वेगळ्या केल्या. ८ ते २२ जून या दिवसांत त्याने २१ जीबी वापरले होते, आणि २३ जून ते ७ जुलै या दिवसांत २०. एकूण ४१, त्याच्या फोनमध्ये दिसत होते तेच. पण भाडं जसं दिवसांच्या हिशेबाने विभागलं गेलं तसा डेटाचा कोटाही विभागला गेला होता. जुन्या प्लॅनचे ३० जीबी हे पूर्ण सायकलचे. सायकल मध्येच तोडल्यावर पहिल्या १५ दिवसांच्या वाट्याला १५ जीबीच आले. त्याने वापरले होते २१. उरले ६, त्यांवर दर लागला. नव्या प्लॅनचे ७५ जीबीसुद्धा निम्मेच, म्हणजे साडेसदतीस, आणि त्यातले साडेसतरा जीबी तसेच पडून राहिले. इकडचे शिल्लक राहिलेले तिकडे वळते झाले नाहीत.

यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की त्याला सावध व्हायची संधीच नव्हती. २२ जूनला रात्री त्याच्या हिशेबाने तीसपैकी २१ जीबी झाले होते, ९ शिल्लक होते. कोटा संपत आल्याचा मेसेज येतो तो चालू कोट्यावर, आणि चालू कोटा तेव्हा ३० चाच होता. दुसऱ्या दिवशी प्लॅन वाढवला आणि त्या क्षणी मागच्या पंधरा दिवसांचा कोटा मागे जाऊन कमी झाला. प्लॅन मोठा केल्यामुळे जादा वापराचा दंड लागला, असं वाक्य ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण घडलं ते अगदी तसंच. हा सगळ्याच कंपन्यांचा हिशेब नाही. कुणी प्लॅन बदलला की पूर्ण नवा कोटा देतात, कुणी बदल पुढच्या सायकलपासूनच लागू करतात. आमच्या मोबाइल कंपनीच्या प्लॅनच्या अटींत मात्र भाडं आणि मोफत वापर दोन्ही दिवसांच्या प्रमाणात मिळतील असं लिहिलेलं होतं. कस्टमर केअरने मला तेच वाक्य वाचून दाखवलं. ते चुकीचं नव्हतं, म्हणून मी त्यावर भांडले नाही.

पण त्याच्या पगारातून ते कापू दिले नाहीत. प्लॅन बदलायचा निर्णय ऑफिसचा, मेल ऑफिसचा, तारीख ऑफिसने निवडलेली. मग १२२ रुपये ८८ पैसे आणि त्यावरचा कर त्याने का सोसायचा? मी नोंद लिहून साहेबांपुढे ठेवली, वरचा सगळा हिशेब दोन ओळींत, आणि ती रक्कम कंपनीखाती गेली. नियम माणसांसाठी केलेला असतो, आणि तो लावणाऱ्याने आकड्यामागचं कारण पाहिलं नाही तर तो अन्याय करू लागतो, हे मला मनापासून वाटतं.

त्याच तपशिलात आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगते. पहिल्या पंधरवड्यात २१ जीबी का गेले, हे त्याला स्वतःलाही उमगत नव्हतं. डेटाच्या नोंदींत वेळ असते आणि आकारमान असतं. कोणती साइट पाहिली, कोणतं अ‍ॅप चाललं, यातलं काहीही नसतं. पुष्कळांना भीती असते की बिलात आपण काय पाहिलं ते ऑफिसला कळतं. तसं होत नाही. हॉटस्पॉट देऊन लॅपटॉप चालवला तरी तो वापर वेगळा दिसत नाही, त्याच नोंदींत मिसळतो. पण नुसती वेळसुद्धा पुष्कळ सांगते. त्याच्या मोठ्या नोंदी बहुतेक रात्री एक ते तीनच्या दरम्यानच्या होत्या, आणि त्या सुद्धा तो लॉजवर मुक्कामाला असल्याच्या तारखांना. फोन चार्जिंगला लावून तो झोपलेला, आणि दिवसभर काढलेले साइटचे फोटो, व्हिडिओ मोबाइल डेटावरून आपोआप वर चढत होते. घरी वायफाय असल्यामुळे घरच्या रात्रींना ही नोंद दिसत नव्हती. बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर’ निवडलं, आणि तो वापर तिथल्या तिथे थांबला.

कॉलच्या यादीत हल्ली बहुतेक रकान्यांत शून्य असतं. अमर्याद कॉल आल्यापासून तो भाग लोक सोडूनच देतात, आणि म्हणूनच त्यातले शून्य नसलेले आकडे तेवढे मी शोधते. ते फार थोडे असतात. १८०० ने सुरू होणारा नंबर फुकट, पण १८६० ने सुरू होणारा फुकट नाही, आणि काही प्लॅनमध्ये तो अमर्याद कॉलमध्ये धरत नाहीत. बँकेच्या नाहीतर कुरिअरच्या मदतकेंद्राला अर्धा तास धरून ठेवलेला कॉल तिथे उगवतो. तसंच एसएमएसच्या यादीत कधी कधी +४४ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे इंग्लंडच्या नंबरला गेलेला एक आंतरराष्ट्रीय एसएमएस दिसतो. आमच्या एका सर्व्हिस इंजिनिअरला तो पाहून धक्काच बसला, आपलं इंग्लंडमध्ये कोण आहे म्हणून. आयफोनमध्ये नवीन सिम घातलं किंवा फोन रीसेट केला की आयमेसेज सुरू करण्यासाठी फोन स्वतःच तो मेसेज पाठवतो. माणसाने काहीच केलेलं नसतं, पण दर लागतो. त्याच तारखेला फोन बदलला होता का एवढं विचारलं की कोडं सुटतं.

सेल्सच्या त्या बिलातली शेवटची ओळ होती सशुल्क सेवेची. तारीख २७ जून, कुठल्याशा गेम सेवेचं नाव, ९९ रुपये, दर महिन्याला आपोआप चालू राहणारी. प्रीपेडवाल्याला अशी सेवा लगेच कळते, शिल्लक कमी होते आणि तो ओरडतो. पोस्टपेडमध्ये तसा धक्का बसत नाही. सेवा सुरू झाल्याचा एक मेसेज येतो, तो जाहिरातींच्या मेसेजांत बुडतो, आणि पैसे दिसतात ते पुढच्या बिलात. ही सेवा महिन्याची होती म्हणून एकदाच लागली. आठवड्याची असती तर बिल हातात येईपर्यंत ती पुन्हा लागून गेली असती.

अशी ओळ दिसली की मी दोन कामं वेगवेगळी करते. पहिलं, सेवा त्याच दिवशी बंद करणं. सशुल्क सेवा बंद करायला १५५२२३ हा टोल फ्री नंबर आहे, ज्याचा फोन त्यानेच त्यावरून लावायचा. माझ्या टेबलाशी उभा राहून त्याने तो लावला, सेवा बंद झाल्याचा मेसेज आला, त्याचा स्क्रीनशॉट मी फाइलला लावला. ही पायरी सोडून नुसती तक्रार केली तर तक्रार चालू असतानाच सेवा पुढच्या महिन्याचे पैसे लावून मोकळी होते.

दुसरं काम पैसे परत मागायचं. इथे “मी काही घेतलं नाही” एवढं म्हणून भागत नाही, कारण समोरून उत्तर येतं की तुमच्याच फोनवरून विनंती आली आहे. ती आलेली असूही शकते. एखादी जाहिरात मिटवताना बोट चुकीच्या जागी पडलं तरी विनंती जाते. म्हणून ट्रायने जुलै २०१३ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की पहिल्या विनंतीनंतर ग्राहकाकडून दुसऱ्यांदा वेगळी संमती घ्यायची, आणि ती मिळाल्यावरच पैसे लावायचे. तेव्हा मागायचं ते हेच: दोन्ही संमतींची नोंद, तारीख आणि वेळेसकट. मी कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक घेतला आणि बिलाच्या त्या ओळीशेजारी लिहून ठेवला. मग तोच क्रमांक घालून मेल पाठवला. मेलमध्ये राग नाही, लांबण नाही. नंबर, तारीख, सेवेचं नाव, रक्कम, आणि दोन्ही संमतींच्या नोंदी पाठवा ही मागणी. कंपनीकडून पहिल्या क्लिकची वेळ आली. दुसऱ्या संमतीची नोंद आली नाही. काही दिवसांनी रक्कम परत केल्याचं कळवण्यात आलं.

ती तशी आली नसती तर पुढची पायरी कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याची आहे. तिथे अपील करायला पैसे लागत नाहीत, पण तक्रार क्रमांक लागतो, म्हणून तो मिळाल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. त्याच्याही पुढे ग्राहक मंचाचा रस्ता आहे. मध्यंतरी पुष्कळ वर्षं टेलिकॉमची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही असं सांगून लोकांना परत पाठवलं जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंचाला तो अधिकार आहे असा निर्णय दिला. ९९ रुपयांसाठी कुणी तिथवर जाणार नाही हे खरं, पण रस्ता आहे हे माहीत असलं की मेल लिहिताना हात कापत नाही.

राहिला कर. या बिलात सगळ्यांत सरळ ओळी कराच्याच असतात, आणि तरी लोक सगळ्यांत जास्त त्यांच्यावरच चिडतात. मोबाइल सेवेवर जीएसटी १८ टक्के, आमच्या बिलात ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे. १ जुलै २०१७ च्या आधी सेवाकर १४ टक्के आणि स्वच्छ भारत, कृषी कल्याण हे अर्धा-अर्धा टक्क्याचे उपकर मिळून १५ व्हायचे. मी कराच्या ओळींकडे पडताळा म्हणून पाहते. त्या बिलात भाडं ७००, जादा डेटा १२२.८८, गेम सेवा ९९, एकूण ९२१.८८. त्याचे ९ टक्के ८२.९७, दोनदा मिळून १६५.९४, आणि बेरीज १०८७.८२. बिलाशी जुळलं, म्हणजे मधली एकही ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही.

जुळलं नाही तर कराची चूक क्वचितच असते. बहुधा एखादी ओळ करपात्र रकमेच्या बाहेर बसलेली असते. अ‍ॅपच्या दुकानातून घेतलेल्या वस्तूचे पैसे मोबाइल बिलात जमा करायची सोय कुणी वापरली असेल तर काही बिलांत ती रक्कम अशी वेगळी येते. मागची थकबाकी असेल तर तीही बाहेरच असायला हवी, कारण तिच्यावरचा कर मागच्याच बिलात लागून गेलेला असतो. थकबाकीवर पुन्हा कर दिसला तर मात्र ती खरी चूक, तिथे लगेच फोन करावा. अनामत रकमेवरही कर नसतो. उशिरा भरल्याच्या दंडावर मात्र असतो. दंडावर कसला कर, असं लोक विचारतात, पण उशिराबद्दल घेतलेली रक्कम कायद्याने सेवेच्या किमतीतच धरली जाते.

वेर्ण्याच्या डेपोच्या नंबराने मला आणखी एक गोष्ट शिकवली. टेलिकॉमच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, त्यामुळे तो नंबर आपल्या खात्यात आहे म्हणजे सगळं एकच, असं वाटतं. करासाठी मात्र ती दोन वेगळी राज्यं आहेत. पोस्टपेडमध्ये कर कोणत्या राज्याचा हे ग्राहकाच्या बिलावरच्या पत्त्यावरून ठरतं. डेपोच्या नंबराचं बिल वेर्ण्याच्या पत्त्यावर, गोव्याच्या राज्य-कराचं निघायचं, आणि नाशिकच्या नोंदणीवर त्या कराचं क्रेडिट मिळत नव्हतं. खात्याचा बिलिंग पत्ता एकच करून घेतल्यावर ते सुटलं. व्यवसायाच्या नावावर फोन असणाऱ्याने पहिल्या पानावर आकड्याच्या आधी पाहायच्या गोष्टी दोनच, स्वतःचा जीएसटी क्रमांक छापलेला आहे का आणि पत्ता कोणता आहे.

ऑगस्टच्या बिलात त्या सहकाऱ्याच्या नंबरासमोर वजा ९९ ची ओळ आली. करपात्र रकमेच्या खाली, ‘इतर समायोजन’ या शीर्षकाखाली. म्हणजे कर मोजून झाल्यावर ९९ वजा झाले होते. पण जुलैमध्ये त्या ९९ वर १७ रुपये ८२ पैसे कर लागलेला होता, आणि परत यायला हवे होते ११६ रुपये ८२ पैसे. मी तोच तक्रार क्रमांक घालून पुन्हा मेल केला, दोन्ही महिन्यांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून. सप्टेंबरमध्ये १७.८२ क्रेडिट नोटसह आले. त्या कराचं क्रेडिट आम्ही आधी घेतलेलं होतं, ते तेवढं उलटवलं. आणि साहेबांशी बोलून ऑफिसात एक ठरवून टाकलं: प्लॅन बदलायची विनंती कोणत्याही तारखेला आली तरी ती माझ्या डायरीत थांबते, आणि बदल लागू होतो तो आठ तारखेपासून. फारच घाई असेल तर मध्ये एखादा डेटा पॅक टाकून देते. त्याची किंमत आधी माहीत असते, आणि मागच्या दिवसांच्या कोट्याला तो हात लावत नाही.